पहिल्या पेल्याच्या आधी

दारू सुटण्याचा शारीरिक भाग बहुतेकांच्या समजुतीपेक्षा लवकर संपतो. रोज पिणाऱ्याने दारू बंद केली की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात धोक्याचा. काहींना फिट येते, काहींना भिंतीवर नसलेले किडे दिसतात. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे असतात. साधारण आठवड्याभरात हे वादळ शमतं. गर्दची टर्की, म्हणजे अंगदुखी, जुलाब, वाहणारं नाक आणि जीव नकोसा करणारी तगमग, तीही आठवडा-दहा दिवसांत ओसरते. शरीर पदार्थाशिवाय चालू लागतं.

तरीही पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार 35 दिवसांचे असतात, आणि त्यानंतर पाठपुराव्याला येत राहा, असं तिथे सांगतात. अनिल अवचटांनी ऐंशीच्या दशकात गर्दच्या विळख्यातल्या मुलांबद्दल लिहिलं. त्या लेखनाने अस्वस्थ झालेले पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याला डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने हे केंद्र सुरू झालं. त्या स्वतः येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. आज तिथे समुपदेशन करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसंही आहेत. शरीर आठवड्यात मोकळं होतं, तर उरलेले दिवस आणि पुढची वर्षं कशासाठी, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यातल्या अनेकांनी ते भोगलेलं असतं.

एक माणूस जवळून पाहू. त्याला दत्ता म्हणू. दत्ता खरा नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा कानावर पडणाऱ्या हकीकतींतून तो मी बांधला आहे. वय 39, दिघीला राहतो, भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपला कामाला. पहिली पाळी, सकाळी सात ते साडेतीन. बायको, नववीतली मुलगी, आई. चौदा वर्षांची दारू. आधी शनिवारी, मग रोज एक क्वार्टर, मग सकाळी हात थांबावेत म्हणून. 35 दिवस उपचार घेऊन घरी आला तेव्हा वजन वाढलं होतं आणि चेहरा उजळला होता. आईने दृष्ट काढली. दोन महिने सगळं छान चाललं. तिसऱ्या महिन्यात सात तारखेला, पगाराच्या दिवशी, तो प्यायला. घरच्यांनी विचारलं, ‘का रे असं केलंस?’ त्यावर तो म्हणाला, ‘काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप वळले.’

हे उत्तर कुणालाच पटत नाही. बायकोला ती थाप वाटते, आईला दैव वाटतं, शेजाऱ्यांना माज वाटतो. पण दत्ता बऱ्याच अंशी खरं बोलत असतो. पाय का वळले, ते त्याला खरोखरच ठाऊक नसतं.

चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. चिंच समोर नसते, खायचा विचारही नसतो, तरी लाळग्रंथी कामाला लागतात. या साध्या अनुभवात आपल्या विषयाचा अर्धा भाग आला. वुल्फ्रॅम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी उसळत. मग रसाच्या आधी दर वेळी एक खूण दिली जाऊ लागली. काही दिवसांनी पेशी खूण दिसताच उसळू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा शांत राहिल्या. म्हणजे मेंदूची ही यंत्रणा आनंद मोजण्यापेक्षा ‘आता मिळणार’ हे ओळखण्यात जास्त गुंतलेली असते. दारू, गर्द, तंबाखू हे पदार्थ या यंत्रणेला अन्नापेक्षा फार जोराने ढकलतात. त्यामुळे त्यांच्या आसपास जे जे असेल, ते खूण म्हणून घट्ट कोरलं जातं.

दत्ताच्या चौदा वर्षांत अशा खुणा किती जमल्या असतील! साडेतीनचा भोंगा. पगार जमा झाल्याचा मेसेज. बुचाचा कट्कन आवाज. प्लास्टिकच्या ग्लासात सोडा ओतताना येणारी फसफस. खारे शेंगदाणे, लिंबू, भुर्जीच्या गाडीवरचा कांद्याचा वास. पावसाची पहिली सर. ठरावीक दोन मित्र, ज्यांच्याशी दारूशिवाय दुसरा संबंध कधी आलाच नाही. यातली बहुतेक नावं त्याला विचारली तर सांगताही येणार नाहीत, कारण खूण काम करते तेव्हा ती लक्षात आलेलीच असते असं नाही. फिलाडेल्फियात अॅना रोझ चाइल्ड्रेस यांच्या गटाने 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोकेनच्या रुग्णांना पदार्थाशी संबंधित चित्रं फक्त 33 मिलिसेकंद दाखवली गेली. इतक्या कमी वेळात आपण काही पाहिलं हेसुद्धा माणसाला कळत नाही. तरी त्यांच्या मेंदूतले भावना आणि ओढ यांचे भाग जागे झाले. ‘पाय आपोआप वळले’ हे वाक्य या प्रयोगाच्या उजेडात वाचायला हवं.

याच क्षेत्रातली एक जुनी नोंद मला फार महत्त्वाची वाटते. 1940 च्या दशकात अमेरिकेत लेक्सिंग्टन इथल्या सरकारी रुग्णालयात एब्राहम विकलर अफूवर्गीय पदार्थांच्या रुग्णांवर काम करत होते. हे लोक महिनोन्‌महिने पदार्थापासून दूर होते. पण गटात बसून जुन्या दिवसांबद्दल बोलू लागले की काहींना जांभया यायच्या, डोळ्यांतून पाणी वाहायचं, म्हणजे टर्कीचीच लक्षणं. शरीर कधीच मोकळं झालं होतं. लक्षणं आठवणीतून येत होती. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचताच एखाद्या बऱ्या झालेल्या मुलाला मळमळ सुरू होते, तेव्हा तो नाटक करतोय असं समजणाऱ्या घरच्यांना हे सांगितलं पाहिजे.

मग प्रश्न येतो तो असा: केंद्रात 35 दिवस दत्ताला तलफ फारशी आली नाही, मग जुन्या खुणा पुसल्या गेल्या होत्या का? नाही. तलफ आली नाही, कारण खुणाच नव्हत्या. ना भोंगा, ना पगार, ना मित्र. प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांतून मार्क बाउटन यांनी दाखवलं की एखादी सवय विझते तेव्हा जुनं शिकणं मिटत नाही. त्यावर एक नवं शिकणं येतं, आणि ते नवं शिकणं ज्या जागी झालं त्या जागेला बांधलेलं असतं. जागा बदलली की जुनं पुन्हा वर येतं. दत्ता केंद्रात ‘दारूशिवाय राहणं’ शिकला हे खरं, पण ते येरवड्यात शिकला. दिघी-भोसरीच्या रस्त्यावर ते त्याला नव्याने शिकावं लागणार होतं.

आपल्याकडे याचा पुरावा दर वर्षी मिळतो. आषाढ अमावास्येच्या सुमाराला गटारी होते आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पिणारेही कितीतरी जण श्रावण पाळतात. काही जण थेट गणपती विसर्जनापर्यंत बाटलीला हात लावत नाहीत. (ज्यांचे हात सकाळी थरथरतात त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) घरच्यांना वाटतं, हा महिनाभर राहू शकतो म्हणजे मनात आणलं तर कायमची सोडेल. पण श्रावणात सगळी मंडळीच बदललेली असते. मित्र बोलवत नाहीत, घरी सामिष शिजत नाही, आग्रह करणाऱ्याला लाज वाटते. खुणा रजेवर गेलेल्या असतात. आणि संपण्याची तारीख ठरलेली असल्यामुळे मेंदू ‘कायमचं’ या शब्दाशी झगडतच नाही. गळ्यात माळ घातलेल्या वारकऱ्याचं बळ याच्या नेमकं उलट आहे. त्याच्याकडे शेवटची तारीख नसते, पण त्याच्या भोवतीची माणसं, वार आणि वाटा कायमच्या बदलतात. माळ पाहून कुणी ग्लास पुढे करत नाही.

जागेचा हा प्रभाव किती मोठा असू शकतो ते व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी दाखवलं. 1971 मध्ये परतलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के तिथे असताना हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम 5 टक्के पुन्हा व्यसनात अडकले. याचा अर्थ व्यसन हलकं असतं असा काढू नये. ते युद्ध, तो मुलूख, तो पुरवठा आणि ती संगत, सगळं समुद्रापलीकडे राहिलं. दत्ता मात्र बरा होऊन त्याच गल्लीत, त्याच पाळीवर, त्याच पगाराला परत आला.

आता तिसरा महिनाच का, ते पाहू. घरच्यांचा हिशेब असा असतो की दिवस जातील तशी ओढ कमी होत जाईल. नुसत्या बसल्याजागीच्या तलफेबद्दल ते बरंचसं खरं आहे. खुणेने जागी होणारी तलफ वेगळी वागते. 2001 मध्ये ग्रिम, शाहम आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की कोकेन बंद केल्यावर पहिल्या दिवशीपेक्षा महिना-दोन महिन्यांनी तीच खूण त्यांना जास्त जोराने खेचते. दारू आणि सिगारेट सोडणाऱ्या माणसांतही असा चढ आढळला आहे. आणि नेमका याच काळात घरचा पहारा ढिला होतो, पाठपुराव्याची फेरी चुकते, आणि ‘आता मी बरा आहे’ असं दत्तालाही वाटू लागतं.

ताणाचं काम इथे सुरू होतं. दत्ताच्या सात तारखेच्या आधीचे पंधरा दिवस उलगडले तर बाटली कुठेच दिसत नाही. दिसतं ते असं. कंपनीत माणसं कमी, म्हणून पाळीनंतर ओव्हरटाइम. त्यामुळे दोन पाठपुरावे बुडाले. झोप आधीच कच्ची. कारण वर्षानुवर्षं दारू पिऊन मेंदूने आपली ताणयंत्रणा वरच्या पट्टीत लावून घेतलेली असते, आणि ती खाली यायला महिने लागतात. भावाने उसने घेतलेले पैसे परत दिले नाहीत. सुपरवायझर चारचौघांत म्हणाला, ‘पिऊन आलायस का?’ आणि तो प्यायलेला नव्हता. घरी पोचला की बायको चहा देता देता जवळ येऊन श्वासाचा वास घ्यायची. तिचं चुकत नव्हतं. चौदा वर्षं तिने तेच करून घर वाचवलं होतं. पण दत्ताला तो रोजचा चहा परीक्षेसारखा वाटू लागला. एका रात्री तो म्हणाला, ‘न पिऊनही ऐकायचंच असेल तर...’ आणि वाक्य अर्धं सोडलं. व्यसनमुक्तीचं काम करणारा कुणी तिथे असता तर त्याने घसरणीची सुरुवात त्या रात्री मांडली असती, सात तारखेला नाही.

उंदरांच्या प्रयोगात हेही स्वच्छ दिसलं. शाहम आणि जेन स्ट्युअर्ट यांनी 1995 मध्ये दाखवलं की हेरॉइनची कळ दाबणं पूर्ण विसरलेल्या उंदराला पायाला थोडा वेळ विजेचे झटके दिले, तर तो पुन्हा कळीकडे धावतो. त्याला पदार्थाचा कणही द्यावा लागत नाही. नुसता ताण पुरतो. ताणात मेंदूच्या आतल्या भागात सीआरएफ नावाचं रसायन वाढतं, त्याने अस्वस्थता आणि ओढ दोन्ही भडकतात. त्याच वेळी कपाळामागचा भाग, जो ‘थांब, उद्याचा विचार कर’ असं म्हणतो, तो दुबळा होतो. एकीकडे ओढ चढते आणि दुसरीकडे लगाम सुटतो. त्यात पोट रिकामं, अंग थकलेलं, मनात राग आणि सोबत कुणी नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांत या चार गोष्टींवर रोज लक्ष ठेवायला सांगतात, ते उगाच नाही.

सात तारखेला पगाराचा मेसेज आला. साडेतीनला सुटल्यावर दत्ताने दुपारचा डबा न खाताच बॅगेत टाकला. केंद्रातून आल्यापासून धरलेला नवा रस्ता खोदलेला होता, म्हणून एका सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून तो जुन्या रस्त्याने निघाला. सिग्नलला गाडी परमिट रूमसमोर थांबली. सहकारी म्हणाला, ‘दोन मिनिटं, आलोच.’ इथे दत्ताला उतरून चालत निघता आलं असतं. पण त्याच्या मनात तेव्हा एक वेगळंच वाक्य आलं: ‘मी आत नुसता बसेन. आता मला काही होत नाही.’ अशी वाक्यं रुग्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकू येतात की त्यांना धोक्याचं लक्षणच मानतात. आत बसल्यावर आठवणीही निवडून येतात. हसणं आठवतं, गटारात पडलेलं आठवत नाही. मुलीने शाळेतल्या मैत्रिणींना घरी बोलवायचं बंद केलं, हे आठवत नाही.

एक पेला झाला. केंद्रात याला स्लिप म्हणतात. पुन्हा रोजचं सुरू झालं तर रिलॅप्स. या दोन्हींच्या मधल्या काही तासांत बरंच काही ठरतं, आणि तिथे मेंदूपेक्षा मनाचा अर्थ लावणं जास्त चालतं. अॅलन मार्लॅट यांनी हे नीट मांडलं. ज्याने ‘मी आता कधीच पिणार नाही’ अशी शपथ घेतली असते, तो एका पेल्यानंतर ‘शपथ मोडली, म्हणजे मी तसाच आहे’ असा निष्कर्ष काढतो. मग अपराधी भावना सहन होत नाही, आणि ती बुडवायला हाताशी एकच ओळखीचं औषध असतं. दत्ताने दुसरा पेला तलफेसाठी घेतला नाही, घरी जायच्या भीतीने घेतला. पुढे दहा दिवस तो कामावर गेला नाही. देवासमोर, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावलेल्या शपथांबद्दल मला म्हणूनच धास्ती वाटते. स्लिप झाली तर कुणाला फोन करायचा, याला त्या शपथेत जागाच नसते.

गर्दच्या बाबतीत या घसरणीत जिवाचा धोका आहे. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि माणूस मात्र जुन्या अंदाजाने मात्रा घेतो. जागाही इथे जीव घेऊ शकते. शेपर्ड सीगल यांनी 1982 मध्ये हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठी मात्रा दिली. सवयीच्या खोलीत सुमारे 32 टक्के मेले, अनोळखी खोलीत सुमारे 64 टक्के. ओळखीच्या खुणा दिसल्या की शरीर आधीच बचावाची तयारी करतं, अनोळखी जागी ती तयारी होत नाही. केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलाच्या घरच्यांना ही गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. तो झोपेतून उठत नसेल, ओठ निळसर पडले असतील, श्वास मंद असेल, तर ‘झोपू दे’ म्हणू नये, लगेच रुग्णालयात न्यावं.

दत्ता दुसऱ्यांदा उपचाराला आला तेव्हा आई म्हणाली, ‘पैसे पाण्यात गेले.’ 2000 साली मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी या भावनेला आकड्यांनी उत्तर दिलं. व्यसनात उपचारानंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के आहे, आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत त्रास उलटण्याचं 50 ते 70 टक्के. रक्तदाब पुन्हा वाढला तर आपण डॉक्टरांकडे जातो, रुग्णाला घराबाहेर काढत नाही. तुलना पूर्ण जुळत नाही, हेही मान्य करायला हवं. दम्याच्या रुग्णाने बायकोचं मंगळसूत्र विकलेलं नसतं. घरच्यांचा राग खरा असतो. मुक्तांगणने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला त्यामागे ही जाण दिसते. वास घेण्याची सवय सुटायलाही मदत लागते.

घाईला आलेल्या घरच्यांना आणखी एक मोह पडतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर असतात आणि पूड भाजीत मिसळली जाते. तिच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम असेल तर दारू पोटात जाताच चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच देतात, आणि त्यानेही तलफ कमी होत नाही. नाल्ट्रेक्सोन किंवा अॅकॅम्प्रोसेट काहींची ओढ उतरवतात, पण परमिट रूमचा सिग्नल त्यांना हलवता येत नाही.

दुसऱ्या खेपेला समुपदेशकाने ‘का प्यायलास’ हे विचारलंच नाही. त्याने एक वही पुढे केली आणि सात तारखेपासून मागे मागे जात विचारलं: डबा का राहिला, रस्ता कुठला, गाडी कुणाची, आदल्या रात्री किती झोप, फेरी का चुकली. वहीत नऊ कड्या निघाल्या आणि बाटली नवव्या कडीत आली. पहिल्या आठ ठिकाणी थांबणं सोपं होतं, नवव्या ठिकाणी जवळजवळ अशक्य. मग बदल त्या आठांत केले. पगार बायकोच्या खात्यात. सात तारखेला मुलगी आणि आजी त्याला कंपनीच्या दारात घ्यायला येणार. दुपारचा डबा संपवायचा, नाहीतर निदान केळं. बायकोने वास घ्यायचा नाही. त्याऐवजी रविवारी दोघांनी मिळून पाठपुराव्याला जायचं. तलफ आली तर घड्याळ बघायचं. तिला खतपाणी घातलं नाही तर ती साधारण अर्ध्या तासाच्या आत चढून उतरते, तोवर वहीतल्या पहिल्या तीन नंबरांपैकी एकाला फोन. आणि स्लिप झालीच, तर त्याच रात्री त्यातल्या एकाला सांगायचं. बायकोनेही कबूल केलं की त्या रात्री ती फक्त जेवायला वाढेल, बाकीचं सकाळी.

वहीच्या शेवटच्या पानावर येणाऱ्या तारखा आहेत: गटारी, मेहुण्याच्या लग्नातली वरात, विसर्जनाची रात्र, 31 डिसेंबर. प्रत्येकीपुढे तो त्या दिवशी कुठे असेल आणि कुणाबरोबर, ते लिहिलंय. वरातीपुढची जागा अजून कोरी आहे. त्याबद्दल मेहुण्याशी बोलायचं राहिलंय.